काचेत उरलेली नावं

जेबाचा निकाह झाला ते २०२३ साल. कापसाची पहिली वेचणी उरकत आली होती आणि दारव्ह्याच्या बाजारात सोयाबीनची पोती रचून ठेवलेली होती. जब्बारला ते साल दोन गोष्टींसाठी लक्षात राहिलं. एक, धाकटी लेक सासरी कळंबला गेली. दुसरी गोष्ट त्याने वर्षभर कोणालाच सांगितली नाही. बायकोला सांगितली, तीही फार उशिरा.

बसस्टँडकडून बाजाराकडे येणाऱ्या रस्त्यावर त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. याच जागेवर त्याचा बाप रेडिओ दुरुस्त करायचा. बापाचं एक वाक्य होतं, "वस्तू बिघडली तं बिघडली सांगाव, आपण बिघडवली तं तेही सांगाव." जब्बार ते वाक्य गिऱ्हाइकाला ऐकवायचा आणि गिऱ्हाइकही मान डोलवायचं. आजूबाजूच्या पंचवीस गावांत त्याच्या शब्दाला वजन होतं. कोणी नवा मोबाईल घेऊन आला की आधी त्याच्या हातात द्यायचा, मग जब्बारचं भाषण ठरलेलं.

"हे पाह्य भाऊ, तुह्या ह्या पडद्यात मागून दिवा नाई. जुन्यात असते, सारा पडदा मागून उजळते. ह्यात एकेक टिपका सोताच दिवा हाये. काळं दाखवाचं असलं का तो टिपका बुजून जाते. बुजला म्हणजे बॅटरी खात नाई. म्हणून काळं ठेव. राखाडी नाई, कुट्ट काळं. राखाडीत दिवा मिणमिणतच राह्यते. समजलं?"

"समजलं जब्बारभाऊ."

"अर्धं समजलं. पुढचं ऐक. जे एकाच जागी दिवसभर बसून राह्यते, घड्याळ म्हण, खालचे बटण म्हण, ते मंद ठेव, नाई तं लपव. बाकीचे दिवे कधी जळतात, कधी इझतात. पण ते तेवढे रोज जळतात, म्हणून तेवढेच झिजतात. मंग तिथं डाग बसते. तो डाग कोणाच्या बापालेबी निघत नाई. पडदाच बदलावा लागते."

असं सांगणाऱ्या माणसाच्या गल्ल्यावरच त्याचा स्वतःचा डाग तयार होत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

झालं असं होतं. थोरला मुलगा अब्रार पुण्याला नोकरीला. आदल्या वर्षीच्या ईदला त्याने बापाला एक भारी मोबाईल आणून दिला. जब्बारच्या हाताला जुन्याची सवय, त्यामुळे हा त्याने वापरला नाही. गल्ल्यावर एक स्टँड ठेवला, त्यावर हा मोबाईल उभा केला, आणि त्यात नमाजच्या वेळा लावल्या. कॉलेजात शिकणाऱ्या एका गिऱ्हाइकाने पान बनवून दिलं. काळी पाटी, वर ठसठशीत अक्षरांत ‘जब्बार मोबाईल, दारव्हा’, आणि खाली एकाखाली एक पाच नावं: फजर, जोहर, असर, मगरीब, इशा. प्रत्येकापुढे जमातीची, म्हणजे मशिदीतल्या एकत्र नमाजाची, वेळ. अक्षरं मराठी, कारण बाजारातल्या पोरांना उर्दू वाचता येत नाही. गॅरेजवाले, फळवाले, हातगाडीवाले रस्त्यातूनच मान वाकडी करून वेळ पाहायचे आणि जायचे. जब्बारला बरं वाटायचं. पुण्याईही होत होती आणि दुकानाचं नावही झळकत होतं.

पाटी काळी होती, म्हणून तो निर्धास्त होता. पण अक्षरं मंद ठेवली तर उन्हात रस्त्यावरून दिसायची नाहीत. म्हणून उजेड पूर्ण वाढवलेला. आणि अक्षरं एकाच जागी, सकाळी दुकान उघडल्यापासून बंद करेपर्यंत, दीड वर्ष. स्वतःच्या भाषणाचा पहिला अर्धा भाग त्याने पाळला, दुसरा अर्धा गिऱ्हाइकांसाठी ठेवला.

निकाहच्या दुसऱ्या दिवशी अब्रारने दुकानातून घरी आणलेला तो मोबाईल उचलला आणि त्यात लग्नाचे फोटो उघडले. जेबा पांढऱ्या ओढणीत बसलेली. ओढणीवर मळकट राखाडी अक्षरं, अगदी वाचता येतील अशी: मगरीब.

अब्रार हसत सुटला. "अब्बा! दुल्हनच्या डोक्यावर मगरीब लिवून ठेवली का?"

"फोटोच तसा आला असन."

"फोटोत काही नाही. हे पाहा, ह्यातूनच पडद्याचा स्क्रीनशॉट काढून माझ्या मोबाईलवर पाठवला. माझ्यात स्वच्छ दिसतो. डाग काचेत आहे. वेळा बदलत गेल्या म्हणून आकडे नुसते फिसकटले, पण नावं बदलली नाहीत, ती पक्की बसली. काळं केलं त्यानं बॅटरी वाचली अब्बा, अक्षरं थोडीच वाचतात? ती मंद करायची, नाहीतर थोड्या थोड्या वेळानं सरकवायची. तुम्हीच तर साऱ्या तालुक्याला शिकवता!"

पाव्हणेमंडळी हसली. जावईही हसला, नवा असून. जब्बारही हसला, पण त्याची कानशिलं तापली. दुसऱ्याच दिवशी त्याने पेंटरकडून टिनाची पाटी रंगवून आणली, तीच पाच नावं, आणि भिंतीवर लावली. मोबाईल पुसून खणात टाकला. कोणी विचारलं तर म्हणायचा, "पाटीले बॅटरी लागत नाई."

महिनाभराने धामणखेडचे पुंडलिकराव गावंडे आले. त्यांचं आणि जब्बारच्या घराचं जुनं येणंजाणं. पुंडलिकरावांच्या घरचा रेडिओ जब्बारच्या बापाने जोडलेला, आणि ईदला त्यांच्या शेतातली तूर जब्बारकडे यायचीच. ते बाकावर टेकले आणि म्हणाले,

"जब्बार, तुह्या वहिनीले मोबाईल पाह्यजे."

"वहिनीले? बोलाले तं तुमचा हाये ना."

"बोलाले नाई बाप्पा, वाचाले!" पुंडलिकरावांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. आवाजात थट्टा होती, पण त्याखाली अभिमान लपत नव्हता. "शाळेच्या वट्यावर सांजचा वर्ग भरते बायांचा. दोन साल झाले जाते. बासष्टीची बाई, पाटी घेऊन! गावातल्या बाया म्हणत, तानाबाई, आता कलेक्टर व्हतं का? पण शिकली ना लेकाची. आता नात हाये आमची प्रेरणा, नागपूरले नर्सिंगले. ते पोट्टी म्हणते, आजी, फोन कायले करू, मी तुले पत्र लिवतो. कागदावर मोठ्या अक्षरात लिवते अन् त्याचा फोटो पाठोते. माह्या मोबाईलचा पडदा फुटका. म्हणून म्हटलं, चांगला पडदा पाह्यजे."

"दाखवतो. हा एक हाये, साधा, पण..."

"तो कायले? तुह्या गल्ल्यावर तो उभा राह्यचा ना, नमाजचा, तो कुठं गेला?"

जब्बारचा हात खणावर थांबला. "तो... हाये ना. आता पाटी लावली."

"मंग तोच दे. काय सुंदर अक्षर दिसे त्यात. अन् तुह्या हातचा म्हणजे खात्री."

एक वाक्य बोलायचं होतं. पुंडलिकभाऊ, तो माझ्या हातून खराब झाला. एवढंच. बापाने शिकवलेलं वाक्य, हजारदा दुसऱ्याला ऐकवलेलं. पण ते तोंडाशी आलं आणि त्याला पुन्हा पाव्हण्यांचं हसणं ऐकू आलं. हे बाजारात पसरलं तर? ज्याने साऱ्यांना शिकवलं त्याचाच पडदा जळाला म्हणून? आणि त्या जागी दुसरंच वाक्य निघालं.

"सेटिंग करून देतो. दोन घंट्यानं या."

त्या दोन तासांत त्याने आयुष्यातलं सगळ्यात नीट काम केलं. घरपान कुट्ट काळं. गप्पांचं अ‍ॅप काळं, त्याची पार्श्वभूमीही काळी. टाईप करायची अक्षरपट्टी काळी. खालची बटणं लपवली. बंद पडद्यावर दिसणारं घड्याळ काढून टाकलं. उजेड मंद केला आणि अर्ध्या मिनिटात पडदा विझेल असं केलं. एकही गोष्ट चुकीची नव्हती. हेच सगळं त्याने कोणत्याही चांगल्या मोबाईलला केलं असतं. फक्त या मोबाईलला ते वाचवण्यासाठी केलं नव्हतं, झाकण्यासाठी केलं होतं. काळ्यावर दिवे विझलेलेच असतात. विझलेल्या दिव्यांत झिजलेला कोणता आणि कोरा कोणता, हे कोणाला कळतं?

"काळंच ठेवजा," त्याने पुंडलिकरावांना सांगितलं. "पांढरं करू नका. बॅटरी दोन दिवस जाईन, पडदाही टिकीन."

"तुह्यं ऐकीन तो सुखी," पुंडलिकराव म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

दिवस गेले. बाजाराला आले की पुंडलिकराव दुकानात डोकवायचे. "बॅटरी तं उतरतच नाई रे! लाईन गेली तरी आमची म्हातारी वाचून राह्यली." जब्बार चहा सांगायचा. चहा त्याला गोड लागायचा नाही.

चैत्रात पुंडलिकराव आले ते उतरल्या तोंडाने.

"तानाबाईचे डोळे गेले म्हणून समज."

"काय म्हणता?"

"सांगत नव्हती ना कोणाले. मोबाईल आला तवापासून चोरून ठेवलं तिनं. आधी कसंबसं वाचे, मंग तेबी सुटलं. पोरीचं पत्र आलं का हातात धरून बसे अन् काही न वाचता ठेवून दे. मले वाटलं, कंटाळली. मंग एक दिवस रडाले लागली. म्हणे, कागदावर सावली पडते. पोरीच्या अक्षरावर दुसरेच काही मळके पट्टे दिसतात. ह्या वयात अक्षर घ्याले गेली म्हणून देवानं डोळे नेले म्हणते. वर्गातबी जाणं बंद केलं. बाया हासतीन म्हणते."

जब्बारच्या हातात स्क्रू काढायचा पेचकस होता. तो त्याने फार सावकाश खाली ठेवला. त्याला लगेच कळलं. काळं सगळं केलं होतं, पण फोटो काळा होत नाही. कागदाचा फोटो पांढराच उघडतो. प्रेरणाची पत्रं पांढऱ्या कागदावर यायची, आणि त्या पांढऱ्यावर काचेतली नावं वर यायची.

"पेपर वाचून पाह्यला का तिनं?" त्याने विचारलं. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

"पेपरचे अक्षर बारीक. तेबी धुरकट दिसते म्हणते. मोतीबिंदू असन. यवतमाळले नेतो."

म्हणजे डोळ्यात खरोखरच थोडं काही होतं, आणि त्याच्या आडोशाने जब्बारचा डाग लपत होता. यावेळीही एक वाक्य पुरलं असतं. ‘भाऊ, सावली डोळ्यात नाही, काचेत आहे.’ तो म्हणाला, "न्या. डॉक्टरले दाखवलेलं बरं."

हे वाक्य पुढे त्याला किती दिवस टोचत राहिलं, ते त्यालाच ठाऊक.

आषाढात यवतमाळला तानाबाईंच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, एकानंतर एक. पट्ट्या सुटल्या, औषधाचे थेंब संपले. श्रावणाच्या अखेरच्या बाजाराला नवरा-बायको दोघं दुकानात आले. तानाबाई पहिल्यांदाच आली होती. बारीक अंगाची, नऊवारीचा पदर डोक्यावरून घेतलेली बाई. बाकावर बसली नाही, उभीच राहिली. डोळे स्वच्छ, पाण्यासारखे.

"या वहिनी. कसे हायेत डोळे?"

"चांगले झाले," ती म्हणाली. "आता सारं साफ दिसते."

"अन् सावली?"

"तेबी साफ दिसते."

पुंडलिकराव वैतागून म्हणाले, "पाह्यलं? डॉक्टर म्हणते डोळे टकटकीत झाले, अन् हे म्हणते सावली वाढली. म्हटलं, जब्बारलेच दाखवून पाहू. तुह्या मोबाईलात काही असन तं."

जब्बारने मोबाईल घेतला. तानाबाई भिंतीकडे वळली. टिनाच्या पाटीपुढे उभी राहिली, बोट न लावता, एकेका अक्षरावर थांबत मोठ्याने वाचू लागली.

"फ... ज... र. फजर. जो... ह... र. जोहर. असर. म... ग... री... ब." तिथे ती जरा थांबली. "मगरीब. इशा."

मग वळून जब्बारकडे पाहिलं.

जब्बारला वाटलं, वाचता येतं ते दाखवते आहे बिचारी. "वा वहिनी! आमच्या पोट्ट्याहून चांगलं वाचता," तो म्हणाला.

ती अजून पाहतच होती. मग बाकावर बसली आणि पदराने कपाळ पुसलं.

जब्बारने खाली मान घालून काम सुरू केलं. मोबाईलमध्ये रंग उलटे करायची सोय असते: पांढऱ्याचं काळं आणि काळ्याचं पांढरं. त्याचं एक लहान बटण त्याने पडद्याच्या कडेला आणलं. बटण कायम एका जागी बसणार, म्हणून ते जवळजवळ दिसेनासं मंद केलं. यावेळी भाषणाचा दुसरा अर्धा भागही पाळला. प्रेरणाचं पत्र उघडलं आणि बटण दाबलं. कागद काळा झाला, निळी शाई पिवळसर झाली. सावली गेली.

"पाहा. पत्र उघडलं का हे दाबाचं. वाचून झालं का परत दाबाचं."

"जादूच केली तू!" पुंडलिकराव खूश झाले. "डॉक्टरनं नाई केलं ते केलं. आमच्या म्हातारीले डोळे दिले बाप्पा!"

तानाबाईने मोबाईल पाहिला. "सावली गेली का जब्बारभाऊ?"

"गेली ना वहिनी."

"बरं," ती म्हणाली.

गावाकडे जाणारी जीप भरेपर्यंत दोघं समोरच्या झाडाखाली थांबले होते. जब्बारने काउंटरवरून एकदाही मान वर केली नाही.

पुंडलिकरावांनी गावात आणि बाजारात डंका पिटला. चार माणसं येऊन म्हणाली, "जब्बारभाऊ, तुम्ही डोळेबी दुरुस्त करता म्हणे?" एक जण आपल्या आईला घेऊन आला. जब्बारने तिला हात जोडून परत पाठवलं. स्तुतीचा एकेक शब्द त्याला तापलेल्या कथलासारखा लागे.

दिवाळीनंतर एका बाजारी पुंडलिकराव हसत हसत सांगत होते, "काल पोरीनं आपला फोटो पाठवला, ड्रेस घालून, दवाखान्यातला. हिनं ते तुह्यं बटण बंदच नव्हतं केलं. पोट्टीचं तोंड काळंनिळं, दात काळे, डोळे पांढरे! मले तं धडकीच भरली. ही मात्र शांत. म्हणे, जब्बारभाऊचं बटण दाबून राह्यलं. म्हणे, झाकाले गेलं का चांगलंबी वाईट दिसते."

त्या रात्री जब्बारने अर्ध्या भाकरीवरच ताट सारलं. त्याची बायको आयशाबी समोर येऊन बसली. चाळीस वर्षांचा संसार, नवरा ताट कधी सारतो ते तिला कळत होतं.

"दोन महिन्यांपासून पाहते. काय केलं, सांगा."

त्याने सांगितलं. सगळं, लग्नातल्या हसण्यापासून.

आयशाबीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमची इज्जत वाचावी म्हणून त्या बाईच्या दोन डोळ्यांत सुरी घालू दिली?"

"मोतीबिंदू होता ना. डॉक्टरनं..."

"डॉक्टरनं त्याचं काम केलं. तुम्ही तुमचं काय केलं?" ती उठली, ताट उचललं. "पाच वेळा पाटीखालून जाता. त्या नावांची तरी लाज धरा जी."

अस्सल पडदा दारव्ह्यात मिळत नव्हता. नागपूरहून मागवला. तो यायला तीन आठवडे लागले. या तीन आठवड्यांत जब्बारने मनात कबुलीची कितीतरी वाक्यं जुळवली आणि मोडली. डिसेंबरात, तुरी फुलोऱ्यातून शेंगांवर आल्या तेव्हा, तो हत्यारांची पिशवी घेऊन धामणखेडच्या जीपमध्ये बसला.

पुंडलिकराव शेतात गेले होते. तानाबाई ओट्यावर सूप घेऊन बसली होती. जब्बारला पाहून तिने सूप बाजूला सारलं आणि घोंगडी टाकली.

"ये भाऊ. चहा ठेवतो."

"चहा नको वहिनी. आधी ऐका." जुळवलेली सगळी वाक्यं विसरली. "ते सावली तुमच्या डोळ्यात नव्हती. काचेत हाये. माह्या हातून जळला तो पडदा. अक्षरं मंद न करता दीड साल उभा ठेवला म्या. विकला तवाच मले माहीत होतं. काळं केलं ते झाकाले केलं. अन् मागं तुम्ही आल्या, तवाबी झाकलंच."

तानाबाई उठली. आतून मोबाईल आणला, त्याच्या समोर प्रेरणाचं एक पत्र उघडलं आणि उलट्या रंगाचं बटण दाबलं नाही. पांढऱ्या कागदावर सावली वर आली. तिने बोट ठेवलं.

"फजर. जोहर. असर. मगरीब. इशा. अन् हे वरतं," तिचं बोट वर सरकलं, "जोडाक्षर हाये, मले दोन दिवस लागले. ज... ब्बा... र. जब्बार मोबाईल, दारव्हा."

जब्बारने हातातली पिशवी खाली ठेवली.

"कधी वाचलं वहिनी?"

"पट्ट्या सुटल्या तवा. पह्यले नुसते पट्टे दिसत. डोळे साफ झाले, अन् पट्ट्याचे अक्षर झाले. पह्यले वाटलं, हे मले दिसून काय राह्यलं? मंग समजलं, हे तं लिवलेलं हाये."

"म्हणजे दुकानात आल्या तवा तुम्हाले..."

"म्हणून तं आलतो." तिचा आवाज चढला नाही. "तुह्यी पाटी तुह्याच समोर वाचली ना म्या. मोठ्यानं वाचली. अजून कसं सांगू? तू म्हणाला, वा वहिनी. मंग तुले पुसलं, सावली गेली का. तू म्हणाला, गेली."

जब्बारची मान जी खाली गेली ती वर येईना. ओट्याच्या सारवणावर बोटांचे अर्धगोल उमटलेले होते, तेच पाहत राहिला.

"पुंडलिकभाऊले नाई सांगतलं?"

"त्याईले सांगतलं असतं तं त्याईनं बाजारात बोंब मारली असती. मले वाटलं, तू सोता सांगशीन. अन्..." ती थांबली. "मलेबी लाज होती भाऊ. मी वर्ग सोडला होता. चार बायाईले सांगतलं, देवानं डोळे नेले. देवावर आळ घेतला. अन् होतं काय, तं तुह्या दुकानाचं नाव."

ती हसली. जब्बारला हसता आलं नाही.

"नवा पडदा आणला," तो म्हणाला. "बसवून देऊ का?"

"नाई तं काय पूजा करू ह्याची? बसव."

त्याने ओट्यावरच पिशवी सोडली. कडा गरम करून गोंद सैल केला, पातळ पत्ती फिरवली, जुना पडदा उचलला, जोडणीची बारीक पट्टी सोडवली, नवा बसवला. तास-सव्वा तास लागला. तानाबाई समोरून हलली नाही. मोबाईल चालू झाल्यावर त्याने पहिल्यांदा पूर्ण पांढरं पान उघडलं आणि तिच्या हातात दिलं. धुऊन वाळत घातलेल्या धोतरासारखं पांढरं, कुठे रेघ नाही.

"आता पत्र पांढऱ्यावरच वाचा. बॅटरी थोडी जास्त जाईन, जाऊ द्या. पत्र काही दिवसभर उभं राह्यत नाई, पान सरकते, त्यानं डाग पडत नाई. जे हलत नाई ते मंद ठेवलं म्हणजे झालं. बाकीचं काळं राहू द्या. हे खरं सांगून राह्यलो."

"बस. वाचतो, ऐक."

तिने प्रेरणाचं पत्र वाचलं. अडखळत, एखाद्या शब्दावर मागे येत, पण कोणाला न विचारता. वसतिगृहातलं वरण पातळ असतं. रात्रपाळीला पाय दुखतात. एका म्हाताऱ्या पेशंटने तिला नाव विचारलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. येताना घरची तूरडाळ आण म्हणून बाबांना सांग. आणि खाली, ‘आजी, तू मला उत्तर लिहीत नाहीस. राग आला का?’

शेवटची ओळ तानाबाईने दोनदा वाचली. "हे पत्र वैशाखातलं हाये," ती म्हणाली. "अक्षरं लागत नव्हती तवाचं. उलटं करून वाचाचं माह्यानं झालं नाई, पोरीचं अक्षर भुतासारखं दिसे. म्हणून मागचं वाचलंच नाई. अकरा पत्रं हायेत."

जब्बार उठला. पिशवी भरताना जुना पडदा ओट्यावर राहिला होता. तानाबाईने तो दोन बोटांनी उचलून त्याच्या हातात ठेवला.

"हे ने. तुह्यं नाव हाये त्यावर."

जीपमध्ये जागा नव्हती, तो मागे लटकून आला. शेजारच्याने विचारलं, "कायले गेलता जब्बारभाऊ, कोणाचे डोळे दुरुस्त केले?" जब्बार म्हणाला, "कोणाचे नाई. माह्या हातून बिघडलेला मोबाईल होता, तो दुरुस्त करून आलो." शेजारच्याला ते थट्टेतलं वाटलं. त्याने पुन्हा सांगितलं. मग दारव्हा येईपर्यंत सगळं सांगितलं, जीपमधल्या बारा माणसांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. कोणी हसलं, कोणी बाहेर पाहू लागलं.

तो जुना पडदा त्याने काउंटरच्या काचेखाली ठेवला आहे. वीज नाही, त्यामुळे त्यावर काहीच दिसत नाही. साराच काळा. कोणी विचारलं की हे काय, तर तो गिऱ्हाइकाला भाषणाचा दुसरा अर्धा भाग आधी सांगतो.

तानाबाईने अकराही पत्रांना उत्तरं लिहिली, रोज एक, आणि पुढची सात पत्रं आली तीही वाचली.

तानाबाई पुंडलिकराव गावंडे धामणखेडला आपल्या घरी, ४ फेब्रुवारी २०२५, मंगळवारी सकाळी वारल्या.